वीस शेअर, एकच जोखीम

सोमवार, 23 मार्च 2020. सकाळी बाजार उघडून तास होतो न होतो तोच निर्देशांक 10 टक्क्यांनी कोसळला, लोअर सर्किट लागले आणि व्यवहार 45 मिनिटे थांबले. विक्रेत्यांना शांत होण्यासाठी मिळालेल्या या वेळाचा काही उपयोग झाला नाही. व्यवहार पुन्हा सुरू झाले तशी घसरण वाढतच गेली. दिवसअखेर सेन्सेक्स 3,934 अंशांनी, म्हणजे 13 टक्क्यांहून अधिक खाली आला आणि निफ्टी 7,610 वर बंद झाला. जानेवारीच्या मध्यात हाच निफ्टी 12,360 च्या आसपास होता. सव्वादोन महिन्यांत 38 टक्के मूल्य गेले होते.

त्या दिवशी सेन्सेक्समधले तीसच्या तीस शेअर लाल रंगात होते. टाळेबंदीत कर्जे बुडतील या भीतीने बँकांचे शेअर पडणे समजण्यासारखे होते. पण साबण, टूथपेस्ट, बिस्किटे आणि औषधे विकणाऱ्या कंपन्यांचे काय बिघडले होते? हात धुण्याचे महत्त्व सगळ्या जगाला पटलेल्या त्या आठवड्यात साबणाची मागणी घटण्याचे कारण नव्हते. तरीही ते शेअर बँकांच्या शेअरांबरोबरच विकले गेले. घसरण कमी-जास्त होती, दिशा मात्र एकच.

आपला पैसा दहा क्षेत्रांतल्या वीस कंपन्यांत वाटून ठेवलेल्या माणसाला या दिवसाने धक्का दिला. त्याने काही चूक केली होती का? विभागणी चुकीची नव्हती. त्या विभागणीने किती संरक्षण मिळेल, याचा हिशेब चुकला होता. तो हिशेब कसा करायचा, हे या प्रकरणात पाहू.

सहसंबंध कशाने ठरतो

दोन शेअर रोज किती प्रमाणात एकत्र हलतात, हे सहसंबंध गुणांक सांगतो. तो 1 असेल तर दोन्ही पूर्णपणे एकमेकांच्या तालावर चालतात, शून्य असेल तर एकाच्या हालचालीवरून दुसऱ्याबद्दल काहीच सांगता येत नाही. शांत काळात मोठ्या भारतीय शेअरांच्या जोड्या घेतल्या तर हा आकडा साधारणपणे या दोहोंच्या मध्ये, आणि 1 पेक्षा शून्याकडे अधिक झुकलेला दिसतो.

तो पडझडीत का वाढतो, हे समजण्यासाठी प्रत्येक शेअरच्या हालचालीचे दोन भाग करा. एक भाग सगळ्या बाजाराचा असतो: व्याजदर, परकीय पैशांची आवक-जावक, निवडणूक, महासाथ. दुसरा भाग त्या कंपनीचा स्वतःचा असतो: नवे कंत्राट, कारखान्यातला संप, तिमाही निकाल. पहिला भाग सगळ्यांना एकदम हलवतो, दुसरा ज्याचा त्यालाच. मग सहसंबंध म्हणजे एकूण हालचालीत सामाईक भागाचा वाटा किती, एवढाच प्रश्न उरतो.

सोपे, पण वास्तवाच्या जवळचे आकडे घेऊ. शांत काळात बाजाराचा वार्षिक चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, 15 टक्के आहे. कंपनीचा स्वतःचा चढउतार 26 टक्के आहे. हा शेअर बाजाराइतकाच संवेदनशील आहे, म्हणजे त्याचा बीटा 1 आहे. चढउतारांची बेरीज सरळ होत नाही, त्यांच्या वर्गांची होते. 15 चा वर्ग 225, 26 चा वर्ग 676, बेरीज 901. त्याचे वर्गमूळ 30, म्हणजे त्या शेअरचा एकूण चढउतार 30 टक्के. आणि अशा दोन शेअरांमधला सहसंबंध 225 भागिले 901, म्हणजे 0.25.

आता संकट आले. बाजाराचा चढउतार 60 टक्क्यांवर गेला. यात अतिशयोक्ती नाही. मार्च 2020 मध्ये इंडिया व्हिक्स हा निर्देशांक 80 च्या वर गेला होता, तर जानेवारीत तो 15 च्या आसपास होता. कंपन्यांचा स्वतःचा चढउतारही वाढेल, समजा 35 टक्के झाला. 60 चा वर्ग 3,600 आणि 35 चा वर्ग 1,225. सहसंबंध झाला 3,600 भागिले 4,825, म्हणजे सुमारे 0.75.

या गणितात एकाही कंपनीचा बीटा बदललेला नाही. कोणत्याही दोन कंपन्यांचे धंद्यातले नाते घट्ट झालेले नाही. सामाईक भाग फुगला, स्वतःचा भाग त्या मानाने कमी वाढला, आणि सहसंबंध तिप्पट झाला. म्हणून 0.25 हा आकडा त्या दोन कंपन्यांचा स्थायी गुण समजू नये. तो शांत हवामानात घेतलेल्या मोजमापाचा आकडा आहे.

विकायचे ते नव्हे, विकता येईल ते

गणिताने अर्धी गोष्ट सांगितली. उरलेली अर्धी विक्री कोण आणि का करतो यात आहे.

मार्च 2020 मध्ये परकीय गुंतवणूकदार संस्थांनी भारतीय शेअरांतून सुमारे 62,000 कोटी रुपये काढून घेतले. ही विक्री एकेका कंपनीचा ताळेबंद वाचून झालेली नव्हती. जगभरच्या फंडांना रोख डॉलर हवे होते. असा फंड भारतातली आपली पूर्ण टोपली विकतो, आणि त्या टोपलीत बँक, सॉफ्टवेअर, साबण सगळे असते. जे शेअर मोठे आणि सहज विकले जाणारे असतात, त्यांना मारा आधी बसतो. चांगल्या कंपनीचा शेअर अशा वेळी नेमक्या याच कारणाने पडतो: त्याला गिऱ्हाईक मिळते.

दुसरा विक्रेता कर्जदार असतो. समजा एखाद्याने 20 लाखांचे शेअर तारण ठेवून 8 लाखांचे कर्ज घेतले आहे, आणि तारणाच्या निम्म्यापर्यंतच कर्ज चालते. शेअर 38 टक्क्यांनी पडले की तारण उरते 12 लाख 40 हजारांचे, आणि चालणारे कर्ज 6 लाख 20 हजारांचे. उरलेले 1 लाख 80 हजार ताबडतोब भरा, नाही तर शेअर विकले जातील. तो माणूस बँकेच्या शेअरमुळे अडचणीत आला असला तरी विकले जातील ते त्याच्याकडचे औषध कंपनीचे शेअरही. अशा हजारो खात्यांतून एकाच सकाळी विक्री निघते. भाव आणखी पडतात आणि पुढच्या खात्यांवर मार्जिन कॉल जातो.

म्हणजे ज्या दोन कंपन्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, त्यांच्यात एक नाते तयार होते: दोघींचे शेअर एकाच अडलेल्या माणसाच्या खात्यात आहेत. धंदा वेगळा असणे इथे उपयोगी पडत नाही, कारण विक्रीचे कारण धंद्यात नाहीच. याच काळात काही दिवस सोने पडले आणि अमेरिकी सरकारचे रोखेही विकले गेले. ज्याला आज रोख हवी आहे, तो जे विकले जाईल ते विकतो.

वीस शेअरांचे खरे मोल

आता आपल्या पोर्टफोलिओकडे या. वीस शेअर, प्रत्येकात सारखी रक्कम. पोर्टफोलिओचा चढउतार काढताना बाजाराचा भाग जसाच्या तसा राहतो आणि कंपन्यांच्या स्वतःच्या भागाचा वर्ग विसाने भागला जातो. विभागणीचा सगळा लाभ या भागाकारात आहे.

शांत काळात 225 अधिक 676 भागिले 20, म्हणजे सुमारे 259. वर्गमूळ 16.1. एकेका शेअरचा चढउतार 30 टक्के, आणि वीस मिळून 16 टक्के. जोखीम जवळजवळ निम्मी झाली.

संकटात 3,600 अधिक 1,225 भागिले 20, म्हणजे सुमारे 3,661. वर्गमूळ 60.5. एकेका शेअरचा चढउतार 69.5 टक्के आणि वीस मिळून 60.5 टक्के. विभागणीने फक्त नऊ टक्के अंक वाचवले. पोर्टफोलिओची जोखीम 16 वरून 60 वर, म्हणजे जवळजवळ चौपट झाली.

हेच दुसऱ्या प्रकारे सांगता येते. शेअरांची संख्या n आणि सरासरी सहसंबंध ρ असेल, तर ते किती स्वतंत्र शेअरांच्या बरोबरीचे आहेत, हे या सूत्राने निघते:

```
n / (1 + (n − 1) × ρ)
```

सहसंबंध 0.25 असताना वीस शेअरांचे उत्तर येते साडेतीन. 0.75 असताना 1.3. विसाचे चाळीस शेअर केले तरी संकटात हा आकडा 1.3 च्या जवळपासच राहतो. बाजाराच्या जोखमीवर शेअरांची संख्या वाढवणे हा उपाय नाही, हे इथे स्पष्ट दिसते.

मग विभागणी कशासाठी? त्याच मार्च महिन्यात याचेही उत्तर मिळाले. 5 मार्च 2020 रोजी येस बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारांना 50,000 रुपयांपेक्षा जास्त रक्कम काढण्यास मनाई झाली. दुसऱ्या दिवशी तिचा शेअर निम्म्याहून अधिक कोसळला. दीड वर्षापूर्वी तो 400 रुपयांच्या जवळ होता. ज्याने सगळा पैसा त्या एका शेअरात ठेवला होता, तो बुडाला. ज्याच्याकडे वीसपैकी तो एक होता, त्याचे फार तर 5 टक्के गेले. एखादी कंपनी एकटी बुडते तेव्हा विभागणी पूर्ण काम करते. सगळा बाजार पडतो तेव्हा तिचे काम जवळजवळ थांबते. दोन वेगळ्या संकटांसाठी दोन वेगळे उपाय लागतात, आणि गोंधळ होतो तो पहिल्याचा उपाय दुसऱ्यासाठी पुरेल असे मानल्यामुळे.

किती रकमेचे शेअर घ्यायचे

एका कुटुंबाचे उदाहरण पूर्ण सोडवू. त्यांची गुंतवणूक 40 लाखांची आहे. मुलीच्या शिक्षणाचा खर्च दोन-तीन वर्षांवर आहे. घरात बसून शांतपणे विचार केल्यावर त्यांनी ठरवले की काहीही झाले तरी 10 लाखांहून अधिक तोटा चालणार नाही. सुरुवात इथून करायची. तोटा टक्क्यांत नको, रुपयांत लिहा, कारण फी रुपयांतच भरायची असते.

शांत काळाच्या आकड्यांवर विसंबणारा हिशेब असा चालतो: वीस शेअरांचा चढउतार 16 टक्के, वाईट वर्षात त्याच्या दुप्पट म्हणजे 32 टक्के पडेल, तेव्हा 10 लाख भागिले 0.32, म्हणजे 31 लाखांचे शेअर घेता येतील. कागदावर हे नीटनेटके दिसते.

आता सगळे शेअर एकत्र पडतील असे धरून हिशेब करा. 2020 मध्ये निफ्टी 38 टक्के पडला. जानेवारी 2008 ते मार्च 2009 या काळात सेन्सेक्स सुमारे 60 टक्के पडला होता. या दोहोंच्या मधला 50 टक्क्यांचा आकडा घेऊ. 10 लाख भागिले 0.50, म्हणजे 20 लाख. पहिल्या हिशेबाप्रमाणे 31 लाख गुंतवणाऱ्या कुटुंबाचे अशा घसरणीत साडेपंधरा लाख गेले असते, आणि मुलीच्या फीची चिंता नेमकी बाजाराच्या तळाशी उभी राहिली असती. अशा वेळी माणूस विकतो. त्या विक्रीनेच तोटा कायमचा होतो. 2020 चा निफ्टी नोव्हेंबरपर्यंत जानेवारीच्या उंचीवर परतला होता, पण मार्चमध्ये विकावे लागलेल्यांना त्याचा उपयोग नव्हता.

पुढची पायरी या 20 लाखांच्या वाटणीची. सगळे एकत्र पडतात, पण सारखे पडत नाहीत. 2020 मध्ये बँक निफ्टी जवळपास निम्मा झाला, तर साबण-खाद्यपदार्थांच्या कंपन्यांची घसरण त्याहून बरीच कमी होती. म्हणून शेअरांचे क्षेत्रांऐवजी संकटात एकत्र वागणारे गट करा. खासगी बँका, वित्त कंपन्या, घरबांधणी आणि वाहने ही यादीत चार क्षेत्रे दिसतात, पण चौघांचा धंदा कर्जाच्या उपलब्धतेवर चालतो. त्यांचा एकच गट धरा आणि त्याला 60 टक्के घसरण लावा. ऊर्जा, अभियांत्रिकी, सॉफ्टवेअर वगैरेंना 50 टक्के, आणि रोजच्या वापराच्या वस्तू व औषधे यांना 35 टक्के. हे आकडे आपले आपण ठरवायचे. फक्त ते ठरवताना शेजारी 2008 आणि 2020 चे तक्ते असू द्यावेत.

समजा कुटुंबाने कर्जाधारित गटात 12 लाख, मधल्या गटात 5 लाख आणि तिसऱ्यात 3 लाख ठेवले. तोटा अनुक्रमे 7 लाख 20 हजार, 2 लाख 50 हजार आणि 1 लाख 5 हजार. एकूण 10 लाख 75 हजार. मर्यादा ओलांडली. तेच 20 लाख 6, 8 आणि 6 असे वाटले, तर तोटा 3 लाख 60 हजार, 4 लाख आणि 2 लाख 10 हजार; एकूण 9 लाख 70 हजार. मर्यादेत बसले. इथे एक गोष्ट पाहा: प्रत्येक गटाचा तोटा सरळ बेरजेने मिळवला आहे. सहसंबंध 1 धरला की वर्ग आणि वर्गमुळांची गरजच उरत नाही. कागद-पेन्सिलीवर होणारा हा हिशेब म्हणूनच विश्वासार्ह आहे.

शेवटची मर्यादा एका कंपनीची. एखादी कंपनी शून्यावर गेली तर तोटा एकूण मर्यादेच्या दहाव्या भागापेक्षा, म्हणजे 1 लाखापेक्षा, जास्त नको असे ठरवले, तर प्रत्येक शेअरात कमाल 1 लाख. 20 लाखांना वीस शेअर. शेअरांची संख्या ही अशी येस बँकेसारख्या संकटावरून ठरते, आणि शेअरांतली एकूण रक्कम 23 मार्चसारख्या संकटावरून.

उरलेले 20 लाख

शेअरांबाहेरच्या पैशाला एकच परीक्षा लावायची: सगळे रोख मागत असतील त्या आठवड्यात हा पैसा पूर्ण मिळेल का? चांगल्या बँकेतली ठेव, ओव्हरनाइट फंड आणि सरकारची अल्पमुदतीची ट्रेझरी बिले या परीक्षेत उतरतात. थोडे अधिक व्याज देणारे कमी पतीचे रोखे उतरत नाहीत. 23 एप्रिल 2020 रोजी फ्रँकलिन टेम्पलटनने आपल्या सहा रोखे योजना बंद केल्या आणि त्यातले पैसे अडकले. नावात शेअर नसले तरी ती जोखीम शेअरांच्याच जातीची होती. सोने दीर्घकाळासाठी चांगली साथ देते, पण अशा आठवड्यात लागणारी रक्कम त्यात ठेवू नये.

कर्ज काढून किंवा फ्युचर्समध्ये घेतलेली पोझिशन असेल, तर भरलेले मार्जिन मोजू नका, पूर्ण कराराची किंमत मोजा. 10 लाखांचा करार 2 लाख मार्जिनवर घेतला तरी 50 टक्के घसरणीत तोटा 5 लाखांचाच होतो.

ओळखायचे कसे

आपला पोर्टफोलिओ आज किती एकत्र हलतो आहे, हे घरच्या संगणकावर तपासता येते. एनएसईच्या संकेतस्थळावरून शेअरांचे रोजचे बंद भाव घ्या आणि आदल्या दिवसाच्या तुलनेतला टक्केवारी बदल काढा. मग साठ दिवसांसाठी दोन स्तंभांचा सहसंबंध:

```
=CORREL(B2:B61,C2:C61)
```

भावांवरच हे सूत्र चालवण्याची चूक सर्रास होते. दोन शेअर वर्षभर वर जात असतील तर त्यांच्या भावांचा सहसंबंध उगाच मोठा दिसतो. रोजच्या बदलांचा घेतला तरच तो खरा. याच शेअरांचा फेब्रुवारी ते एप्रिल 2020 मधला आकडा शेजारच्या रकान्यात मांडा. आपण जिला विभागणी म्हणतो, तिच्यातले काय टिकते आणि काय वितळते, हे त्या दोन रकान्यांत दिसेल.

आजचा आकडा वाढू लागल्यावर शेअर कमी करू, असा बेत मात्र करू नका. तो आकडा वाढतो तेव्हा घसरण बहुधा सुरू झालेली असते आणि इतरही त्याच कारणाने विकत असतात. तुम्हीही त्या विक्रीचा भाग होता. रक्कम शांत काळातच ठरवायची, आणि वर्षातून एकदा, तेजीने शेअरांचा वाटा फुगला की तो पुन्हा ठरल्या रकमेवर आणायचा.

या पद्धतीची किंमतही सांगितली पाहिजे. सगळे एकत्र पडतील असे धरून चालणारा माणूस दर तेजीत शेजाऱ्यापेक्षा कमी कमावतो. 40 पैकी 20 लाखांवर नफा झाला, 31 लाखांवर नाही, ही चुटपुट दरवर्षी लागेल. 50 टक्क्यांचा आकडाही हमी नाही. 2008 ची घसरण त्याहून मोठी होती, आणि तशी पुन्हा आली तर याच कुटुंबाचा तोटा 12 लाखांपर्यंत जाईल. ज्यांना तेवढेही परवडत नाही त्यांनी 60 टक्के धरावेत आणि 16-17 लाखांवर थांबावे.

म्हणून पुढचा शेअर घेण्याआधी एका कागदावर तीन आकडे लिहा: चालेल असा कमाल तोटा रुपयांत, सगळे शेअर एकत्र पडले तर होणारा तोटा रुपयांत, आणि सगळ्यांत मोठ्या एका शेअरातली रक्कम. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल, तर एकविसावा शेअर घेऊन काही साधणार नाही. शेअरांतली रक्कम कमी करा.